गिअरबॉक्सच्या टिपणात ‘ढिलाई’ का लिहू नये

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या शेडमध्ये गिअरबॉक्सचं मराठी टिपण हातात पडतं ते फिटरच्या. शेजारचा टर्नर घरी कन्नड बोलणारा असतो, पण मॉड्यूल, पिच सर्कल, बॅकलॅश हे शब्द दोघांच्याही तोंडी सारखेच असतात. म्हणून टिपण लिहिताना मी हे शब्द तसेच ठेवतो आणि शब्दाचा अर्थ सांगायला एक स्वच्छ मराठी वाक्य लिहितो. बॅकलॅश म्हणजे दातांमध्ये ठेवलेली मोकळी जागा; तिला ‘ढिलाई’ म्हटलं की घोटाळा होतो, म्हणून तिथे तर हे फारच गरजेचं आहे.

गुऱ्हाळाच्या चरकाला लागणारी सरळ दातांची एक जोडी घेऊ. मॉड्यूल 5, पिनियनला 20 दाते, मोठ्या गिअरला 60. मॉड्यूल म्हणजे दाताचं माप, आणि कटरवरही तेच कोरलेलं असतं, त्यामुळे इथे दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. दोन गिअर ज्या कल्पित वर्तुळांवर एकमेकांना टेकून फिरतात ते पिच सर्कल; मॉड्यूलला दात्यांच्या संख्येने गुणलं की त्याचा व्यास मिळतो: d = m × z. म्हणजे 100 आणि 300 मिलीमीटर. दोन्ही शाफ्टमधलं अंतर या दोहोंच्या बेरजेच्या निम्मं, 200 मिलीमीटर.

गिअर हातात घेतला तर पिच सर्कल कुठेच दिसत नाही. व्हर्नियर लावला की मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास 310 भरतो, कारण दात पिच सर्कलच्या वर एक मॉड्यूल निघालेला असतो. टिपणात नुसतं ‘गिअरचा व्यास’ लिहिलं, तर वाचणारा 310च धरणार. म्हणून ‘पिच सर्कलचा व्यास 300, बाहेरचा व्यास 310’ असं दोन्ही लिहावं.

आता बॅकलॅश. एका गिअरचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसला की पिच सर्कलवर दाताच्या मागे थोडी जागा मोकळी राहते. ती मुद्दाम ठेवलेली असते. टिपणात ‘ढिलाई 0.20’ लिहिलं की चांगला फिटर तिच्याकडे दोष म्हणून बघतो आणि शाफ्ट जवळ आणून ती घालवतो. यात त्याची काही चूक नाही, ढिलाई काढणं हेच त्याचं काम.

ती जागा घालवली तर काय होतं? चालू गिअरबॉक्समध्ये गिअर आणि शाफ्ट बॉडीपेक्षा जास्त तापतात. फरक 30 अंशांचा धरला, तर 200 मिलीमीटर अंतरात पोलाद साधारण 0.07 मिलीमीटर जास्त वाढतं. दातांचा प्रेशर अँगल, म्हणजे दात एकमेकांना ज्या तिरक्या रेषेत ढकलतात तिचा कोन, 20 अंशांचा असल्यामुळे तेवढ्याने बॅकलॅश सुमारे 0.05 ने कमी होतो. हिशेब असा: 2 × 0.07 × tan 20°. बॅकलॅश आधीच शून्य असेल, तर दात दोन्ही बाजूंनी रुततात, तेलाला जागा उरत नाही, आवाज चढतो आणि बेअरिंग तापतं. चरक एकाच दिशेने फिरतो, म्हणून दाताची एकच बाजू चकाकायला हवी. झाकण उघडल्यावर मागची बाजूही घासलेली दिसली, तर पहिला संशय बॅकलॅशवर घ्यावा.

मोजण्याची रीतही टिपणात यायला हवी. पिनियन घट्ट अडवायचा, बारीक हालचाल मोजणारा डायल मोठ्या गिअरच्या दातावर पिच सर्कलच्या उंचीला टेकवायचा आणि गिअर हाताने मागेपुढे हलवायचा. हे चार ठिकाणी करायचं, कारण गिअर थोडा जरी विकेंद्री असला तरी आकडा बदलतो. सगळ्यांत कमी आकडा महत्त्वाचा. कधी दातापर्यंत डायल पोचत नाही, मग तो त्याच शाफ्टच्या कपलिंगवर लावतात. तिथे केंद्रापासून 75 मिलीमीटरवर 0.10 दिसलं, तर 150 मिलीमीटरवरच्या पिच सर्कलला ते 0.20 असतं. किती अंतरावर मोजलं हे न लिहिलेला आकडा निरुपयोगी.

प्रेशर अँगलला ‘दाब कोन’ म्हणण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. पण बेळगावात हायड्रॉलिक्सचं काम पुष्कळ, आणि तिथल्या कारागिराला दाब म्हटलं की तेलाचा दाब आठवतो. या कोनाचा तेलाशी संबंध नाही. एक दात दुसऱ्याला ज्या रेषेत ढकलतो ती रेषा आणि पिच सर्कलची स्पर्शरेषा यांमधला तो कोन. ढकल तिरकी असल्यामुळे तिचा काही भाग शाफ्टना एकमेकांपासून दूर रेटतो: फिरवणारं बल 1000 न्यूटन असेल तर 20 अंशांना 364 न्यूटन. बेअरिंग निवडताना फिरवणाऱ्या बलाबरोबर हा आकडाही धरावा लागतो. जुन्या मशिनींत साडेचौदा अंशांचे गिअर सापडतात. त्यांचं मॉड्यूल जुळलं तरी 20 अंशांच्या गिअरशी ते नीट चालत नाहीत, म्हणून बदली गिअरच्या टिपणात मॉड्यूलच्या शेजारीच हा कोनही लिहावा.

माझ्या टिपणातली बॅकलॅशची ओळ अशी असते: ‘बॅकलॅश 0.20 मिमी, पिच सर्कलवर, गिअरबॉक्स थंड असताना, चार जागी मोजून. ही जागा मुद्दाम ठेवलेली आहे, शाफ्ट जवळ आणून कमी करू नये.’