बांबूचा कप विकत घेण्याआधी त्याचा तळ बघा

पर्यावरण जपणाऱ्या मैत्रिणीला भेट द्यायची म्हटलं की हात हमखास एका वस्तूकडे जातो: बांबूचा कप. फिकट हिरवा किंवा मातकट रंग, हाताला किंचित खरखरीत, आणि वर 'नैसर्गिक', 'विघटनशील' असं लिहिलेलं. तो उचलण्याआधी उलटा करून तळ जरूर बघा. तिथे बारीक अक्षरात 'मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका' किंवा '७० अंशांपेक्षा गरम पेय ओतू नका' अशी सूचना अनेकदा असते. गरम पेयासाठी घेतलेल्या कपाला गरम पेयाचंच वावडं का असावं?

कारण असे बरेचसे कप बांबूचे नसतातच. बांबूची बारीक भुकटी मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड नावाच्या रेझिनमध्ये मिसळतात आणि ते मिश्रण तापलेल्या साच्यात दाबतात. ताटल्या-वाट्यांमुळे घराघरांत माहीत असलेलं मेलामाइन ते हेच. भुकटी इथे भर घालायचं काम करते, कपाला आकार देतं आणि धरून ठेवतं ते प्लास्टिक. हे प्लास्टिकही थर्मोसेट जातीचं. साच्यात तापताना त्याचे रेणू एकमेकांना कायमचे जखडले जातात, त्यामुळे ते पुन्हा वितळत नाही आणि वितळवून त्याचं नवं काही बनवताही येत नाही. त्यात बांबू मिसळलेला असल्यामुळे ते कचऱ्याच्या कुठल्याच वर्गात बसत नाही. खतात टाकलं तर रेझिन कुजत नाही, पुनर्वापराला दिलं तर कुणी घेत नाही. प्लास्टिक टाळायला घेतलेली वस्तू साध्या प्लास्टिकपेक्षाही अडचणीची ठरते.

उष्णतेचा प्रश्न रसायनाचा आहे. गरम आणि आंबट द्रव या रेझिनचे बंध हळूहळू तोडतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड व मेलामाइन सुटून पेयात उतरतात. त्यात बांबूची भुकटी पाणी शोषून फुगते, म्हणजे पृष्ठभाग उघडा पडायला आणखी एक कारण. युरोपीय संघात खाद्यपदार्थाच्या संपर्कातल्या प्लास्टिकमधून एक किलो अन्नात जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड आणि २.५ मिलिग्रॅम मेलामाइन उतरलेलं चालतं. ही चाचणी कडक असते: सौम्य ॲसेटिक आम्ल ७० अंशांवर दोन तास वस्तूत ठेवतात, असं तीनदा करतात आणि तिसऱ्या वेळचं मोजमाप धरतात. वस्तू पुन्हा पुन्हा वापरायची आहे, म्हणून. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०२० मध्ये अशा भांड्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतल्या काहींमधून फॉर्मल्डिहाइड साध्या मेलामाइनपेक्षा जास्त सुटत असल्याचं दिसलं. प्लास्टिकमध्ये बांबूची भुकटी मिसळायला तिथल्या नियमांत परवानगीच नाही, आणि २०२१ मध्ये युरोपीय संघाने ही भांडी बाजारातून काढण्याची मोहीम सुरू केली. इतर बऱ्याच ठिकाणी ती सर्रास मिळतात.

ग्रीनवॉशिंगचा, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याचा आव आणण्याचा, हा मला सगळ्यात शिकवणारा नमुना वाटतो, कारण लेबलवरचा 'बांबू' शब्द खोटा नसतो. बांबू असतोच, फक्त रेझिनचा उल्लेख नसतो. ओळखायला सोपा मार्ग आहे. खऱ्या बांबूत उभे लांब तंतू दिसतात आणि मधेमधे पेर असतात. त्यापासून एकजिनसी, पातळ कडेचा, चटक रंगाचा, हवा तसा वळवलेला कप बनत नाही. तसा कप हातात आला आणि आतून बारीक ठिपक्यांचा दिसला, की तो भुकटी आणि रेझिनचा आहे असं समजा. 'बांबू फायबर' किंवा 'बांबू कंपोझिट' लिहिलं असेल तर दुकानदाराला एकच विचारा: धरून ठेवणारा पदार्थ कोणता? उत्तर मिळालं नाही, तर कप खाली ठेवा.

मग द्यायचं काय? माझं मत साध्या स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी भिंतीच्या बाटलीला. पण सगळ्याच बाटल्या चालत नाहीत. आतली भिंत ३०४ दर्जाच्या पोलादाची हवी. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणूनच त्यावर १८/८ असंही लिहितात. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे उष्णता वाहून न्यायला माध्यमच उरत नाही. ही पोकळी कारखान्यात एकदा बंद होते आणि कुठे बारीकशी गळती झाली की बाटली कायमची निकामी होते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून उकळतं पाणी भरून पाच-दहा मिनिटांनी बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवायचा. तोंडाजवळची कड कोमट लागणं ठीक, कारण तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. मधला भाग गरम लागला, तर पोकळी गेली. देण्याआधी ही तपासणी करून घेणं अजिबात वावगं नाही. काही बाटल्यांत ही पोकळी बंद करायला तळाशी शिसं असलेला ठिपका वापरतात आणि त्यावर धातूची चकती असते. चकती शाबूत असेल तोवर त्याचा पेयाशी संबंध येत नाही, पण ती निघून आली तर बाटली वापरायची नाही.

पोलादाची भिंत वर्षानुवर्षं टिकते, मोडतं ते झाकण. त्यातली सिलिकॉनची रिंग कडक होते, तिला वास धरतो किंवा ती ताणली जाते आणि बाटली गळायला लागते. स्प्रिंगचं, बटणाचं, आतल्या नळीचं झाकण दिसायला छान, पण त्यात बिघडायच्या जागा जास्त आणि ते आतून धुताही येत नाही. म्हणून साधं, पिळून लावायचं झाकण घ्या, एकच रिंग असलेलं, आणि ती नखाने सुटी करून धुता येते का ते बघा. घेण्याआधी विचारा, सुटी रिंग आणि सुटं झाकण मिळतं का? मिळत नसेल, तर ती बाटली 'टिकाऊ' आहे हे विसरा.

वेष्टनातही असाच चकवा असतो. पुठ्ठ्याची पेटी फाडून बघा: फाटलेल्या कडेवर पातळ, ताणला जाणारा पापुद्रा दिसला तर वर प्लास्टिकचा थर आहे. भेटीचा कागद मुठीत चुरगळा. तो चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागद आहे, सैल होऊन उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे. आणि 'प्लास्टिक नको' म्हणून नवी सुती पिशवी खरेदी करून त्यात भेट देण्याआधी डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेचा २०१८ चा अभ्यास आठवा. फक्त हवामानावरचा परिणाम धरला, तरी साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी व्हायला सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते, सेंद्रिय कापसाची १४९ वेळा. सेंद्रिय शेतीत उत्पादन कमी येतं असं त्या हिशेबात धरल्यामुळे हा आकडा वाढतो. घरात पडलेल्या जुन्या कापडात गुंडाळलेलं बरं.

बाटलीचाही हिशेब असाच आहे: पोलाद बनवायला बरीच ऊर्जा लागते, ती फेडायची तर वस्तू रोज वापरात हवी. मैत्रिणीकडे आधीच बाटली असेल तर दुसरी कपाटात जाईल. तेव्हा तिच्या बाटलीचं नाव आणि आकार नीट बघून त्याच मॉडेलच्या दोन सुट्या रिंगा आणि लांब दांड्याचा ब्रश द्या. त्या मॉडेलची रिंग मिळत नसेल तर जुन्या रिंगेचा बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून तेवढ्याच मापाची, अन्नासाठीच्या सिलिकॉनची रिंग शोधा. जाडी थोडी कमी पडली तरी झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि बाटली आडवी केल्यावर गळते, त्यामुळे देण्याआधी पाणी भरून ती रात्रभर आडवी ठेवून बघा.