अर्धवेळ पीएच.डी.: मार्गदर्शकांना विचारणा कशी करावी

नोकरी सांभाळून शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करायची असेल, तर गाइडना पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सरांकडे जागा आहे का. प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थीच घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

आता पत्र. ‘आपले संशोधन वाचून प्रभावित झालो’ हे वाक्य कोणालाही पाठवता येते, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. दोनच शोधनिबंध वाचा, पण शेवटपर्यंत. नमुने कुठे, कधी घेतले आणि मर्यादा काय सांगितल्या, हे भाग बारकाईने बघा. विचारण्याजोगा प्रश्न बहुतेक तिथेच सापडतो. समजा, इचलकरंजीतल्या ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या एका मॅडमना पंचगंगेच्या पाण्यावर काम करायचे आहे. त्यांनी असे लिहावे:

‘सर, पंचगंगेवरच्या आपल्या निबंधात नमुने फक्त हिवाळ्यातले आहेत. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्यांत पाणी साठून राहते, तेव्हा विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण किती खाली जाते, हे मला प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी या पट्ट्यात तपासायचे आहे. आपल्याकडे अर्धवेळ विद्यार्थ्यासाठी जागा आहे का?’

निबंधाचे नाव आणि वर्षही द्यावे. सरांनी उन्हाळ्याचे काम दुसऱ्या निबंधात आधीच केले असेल, तर हा प्रश्न उलटा पडतो. त्यामुळे त्यांची अलीकडची यादी चाळल्याशिवाय पत्र पाठवू नका.

वेळेबाबत ‘जमेल तसा वेळ देईन’ अजिबात लिहू नका. नदीचे नमुने ठरल्या दिवशीच घ्यावे लागतात. ‘शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी पूर्ण दिवस, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत रोज प्रयोगशाळेत, बारावीचे पेपर तपासण्याच्या काळात फक्त रविवार’ असे मांडा. अडचणीचे महिने आधीच सांगितलेत, तर सरांना कामाची आखणी करता येते.

सोबत बायोडेटा, गुणपत्रके, नेट किंवा प्रवेश परीक्षेचा निकाल आणि एक पानाची रूपरेषा एकाच पीडीएफमध्ये जोडा. सरांचा होकार म्हणजे प्रवेश नव्हे. निवड आणि मार्गदर्शकाचे वाटप विद्यापीठाच्या प्रक्रियेनेच होते.

अर्धवेळ उमेदवाराला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते, आणि नुसते ‘हरकत नाही’ पुरत नाही. अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामकाज सांभाळून पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करू, हे तिन्ही मुद्दे त्यात हवेत. तिसऱ्या मुद्द्यावर प्राचार्य अडखळतात, म्हणून त्यांच्याशी बोलणे गाइडना पत्र पाठवण्याआधीच उरका.