केसांसाठी बायोटिन घेताय? रक्त देण्याआधी सांगा

केस गळू लागले की दोन गोष्टी बहुतेक एकदमच होतात. मेडिकलमधून बायोटिनची गोळी आणली जाते आणि कुणीतरी थायरॉईड तपासून घ्यायला सांगतं. नेमका तिथेच घोटाळा होतो.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि तेवढं रोजच्या जेवणातून मिळतं. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५ ते १० मिलिग्रॅम असतं. हे जादा बायोटिन काही तास रक्तात फिरत राहतं. त्याने सहसा अपाय होत नाही, पण तपासणीचं गणित बिघडू शकतं.

हार्मोन मोजणाऱ्या अनेक किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन ही घट्ट चिकटणारी जोडी वापरलेली असते. तुमच्या रक्तातलं बायोटिन तिथल्या जागा अडवतं आणि मोजायचा ऐवज धुऊन जातो. त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. फ्री टी-३ आणि फ्री टी-४ मोजण्याची पद्धत उलटी असते, म्हणून ते खोटेच जास्त येतात. डॉक्टरांच्या हातात पडतो तो थायरॉईड वाढल्याचा हुबेहूब रिपोर्ट!

समजा, एक ताई थायरॉक्सिनची ७५ची गोळी नियमित घेतात आणि सकाळी १० मिलिग्रॅम बायोटिन घेऊन रक्त द्यायला येतात. टीएसएच ०.०८ आला, फ्री टी-४ वाढलेला. पण धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजनही उतरलेलं नाही. बायोटिन कुणी विचारलंच नाही, तर थायरॉक्सिनचा डोस विनाकारण कमी होईल. तीन दिवस बायोटिन बंद ठेवून पुन्हा तपासलं, तर तोच टीएसएच ३ च्या आसपास येऊ शकतो. रिपोर्ट आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल तर संशय घ्यावा, तो यासाठीच.

म्हणून थायरॉईडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन थांबवा. मल्टिव्हिटॅमिन आणि ‘हेअर-स्किन-नेल्स’ गमीजच्या लेबलवरही ते शोधा. कधी ‘व्हिटॅमिन बी-७’ असंही लिहिलेलं असतं. थायरॉक्सिन मात्र स्वतःहून बंद करू नका. मज्जासंस्थेच्या आजारासाठी डॉक्टरांनी १०० मिलिग्रॅमच्या वर डोस दिला असेल, तर किती दिवस थांबायचं ते त्यांनाच विचारा.

हृदयाची गोष्ट वेगळी. हार्ट अटॅकच्या निदानासाठी केली जाणारी ट्रोपोनिन तपासणी बायोटिनमुळे काही किटवर खोटीच कमी येऊ शकते. अशा चुकीच्या रिपोर्टनंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली दिलेल्या इशाऱ्यात आहे. छातीत दुखत असताना दोन दिवस थांबण्याचा प्रश्नच नाही. लगेच हॉस्पिटल गाठा आणि ‘मी बायोटिन घेतो’ किंवा ‘घेते’ हे कॅज्युअल्टीतच सांगा. ईसीजीवर बायोटिनचा परिणाम होत नाही.

सगळ्याच मशीनवर हा त्रास होतो असं नाही. नव्या किटपैकी काही बरंच बायोटिन सहन करतात. आमच्या लॅबमध्ये नाव नोंदवताना गोळीचा डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. आम्ही ते रिपोर्टवर लिहून देतो. हिमोग्लोबिन आणि साखरेच्या नेहमीच्या तपासणीसाठी बायोटिन थांबवायची गरज नाही.