ट्रेकिंग व्लॉगचा मेटाडेटा

ट्रेकच्या व्हिडिओसोबत जी लेखी माहिती जोडलेली असते, म्हणजे वाट किती अवघड, कुठल्या महिन्यात जावं, किती किलोमीटर, धोका कुठे, परवानगी कोणाची, त्या सगळ्याला मिळून ट्रेकिंग व्लॉगचा मेटाडेटा म्हणतात. ही माहिती शक्यतो व्हिडिओखालच्या डिस्क्रिप्शनमध्ये जाते. युट्यूबवर तिथे ५,००० अक्षरं मावतात पण न उघडता सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून अंतर, चढाई आणि ग्रेड सगळ्यात वर लिहायचं, आभार आणि कॅमेऱ्याची माहिती खाली. शिवाय अपलोड झालेला व्हिडिओ बदलून दुसरा टाकता येत नाही, डिस्क्रिप्शन मात्र कधीही दुरुस्त करता येतं, त्यामुळे बदलू शकणारी गोष्ट कॅमेऱ्यासमोर बोलण्यापेक्षा तिथे लिहिलेली बरी.

सगळ्यात जास्त चुका अंतरात होतात, आणि त्याचं कारण व्लॉग शूट करण्याच्या पद्धतीतच आहे. स्वतःलाच चालताना दाखवायचं तर ट्रायपॉड लावायचा, पुढे चालत जायचं, मग कॅमेरा उचलायला परत मागे यायचं आणि तोच तुकडा पुन्हा चालायचा. म्हणजे एकच तुकडा तीनदा चालून होतो आणि हातातलं जीपीएस घड्याळ तो तीनदा मोजतं. त्यात आपण एका जागी बसलेलो असतानाही जीपीएसचा बिंदू काही मीटर इकडेतिकडे सरकत राहतो, रेकॉर्डिंग पॉज केलं नसेल तर तेही अंतर म्हणून जमा होतं. उलटंही होतं, बॅटरी वाचवायला बिंदू फार विरळ घेतले तर वळणावळणाची वाट सरळ रेषेत कापली जाते आणि अंतर कमी भरतं.

एक उदाहरण घेऊ. पायथा ३०० मीटरवर, माथा १,०४० वर, मध्ये ६२० मीटरवर एक धार लागते, तिथून ५८० च्या खिंडीत उतरायचं आणि मग शेवटची चढाई. घड्याळ म्हणतंय १४.६ किमी. घड्याळाने नोंदवलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल नकाशावर उघडली की लगेच कळतं: जेवायला थांबलो तिथे रेषांचा गुंता झालेला दिसतो आणि शूटिंगच्या जागी एकाच वाटेवर तीन रेषा. ते काढून वाट एकदाच ट्रेस केली तर जाऊन-येऊन १२.२ किमी भरतात, आणि डिस्क्रिप्शनमध्ये हाच आकडा जायला हवा, पुढे 'जाऊन-येऊन' हे शब्द हवेतच. नुसतं '१२ किमी' वाचून निम्मे लोक ते एका बाजूचं अंतर समजतात.

चढाईचं तसंच. माथ्यातून पायथा वजा केला की ७४० येतात आणि बरेच जण तेवढंच लिहितात, पण जाताना खिंडीत गमावलेले ४० मीटर परत चढावे लागतात आणि येतानाही धारेवर यायला ४० मीटर चढावं लागतं, म्हणजे एकूण चढाई ८२०. उलट जीपीएसची कच्ची उंची वापरली तर तिच्या बारीक वर-खाली होण्यातूनच शेकडो मीटर फुकटचे वाढू शकतात, म्हणून नकाशाच्या उंचीशी ताडून बघावं.

आता वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशोब अजून वापरात आहे: साधारण ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या उदाहरणात १२.२ किमीचे २ तास २६ मिनिटं, ८२० मीटरचे १ तास २२ मिनिटं, मिळून ३ तास ४८ मिनिटं. यात विश्रांती नाही, शूटिंग नाही, घसाऱ्यावरून जपून उतरणं नाही. समजा आपल्या ग्रुपला नुसत्या चालण्याचेच ५ तास २० मिनिटं लागले आणि दिवस ८ तासांचा झाला, तर दोन्ही आकडे वेगळे लिहायचे. घरी बसून बघणाऱ्याला नेस्मिथच्या हिशोबाशी ताडून आपला वेग कळतो आणि अंधार पडायच्या आत परत येऊ का हे ठरवता येतं.

ग्रेड देताना 'सोपा, मध्यम, अवघड' एवढंच लिहून फार काही कळत नाही, कारण कोणासाठी सोपा हे त्यात नसतं. स्विस अल्पाइन क्लबच्या मापात टी१ ते टी६ अशा सहा पायऱ्या आहेत आणि त्या दमछाकीवर नाही तर जमिनीवर ठरतात, म्हणजे पाऊल कसं पडतं, हात लागतात का, पडलो तर काय होईल. टी१ म्हणजे नीट पायवाट. टी३ मध्ये तोल सावरायला हात लागू शकतात, दरीच्या कडेच्या एक्स्पोज्ड जागी दोर किंवा साखळी असू शकते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर टी३ ची वाट अशी टॅग करतात:

```
sac_scale=demanding_mountain_hiking
```

ग्रेड सरासरीने द्यायची नाही. १२ किमी सरळ पायवाट आणि मध्ये १५ मीटरचा साखळीचा रॉक पॅच असेल तर तो ट्रेक टी३, कारण तो पॅच टाळून माथ्यावर जाता येत नाही. दम किती लागतो ते वेगळ्या ओळीत लिहावं. आणि ही ग्रेड कोरड्या खडकाची आहे हेही लिहायला हवं, ओल्या खडकावर तोच पॅच उतरताना वेगळाच असतो.

सीझनच्या ओळीत 'वर्षभर' लिहिलं की ती ओळ वाया गेली. शूटिंगची तारीख द्यावी, अपलोडची नव्हे, कारण एडिटिंगला दोन-तीन महिने सहज जातात आणि व्हिडिओत घोट्याएवढा दिसणारा ओढा बघणाऱ्याच्या महिन्यात कमरेएवढा असू शकतो.

सेफ्टीच्या नोंदीला जागा लागते. 'काळजी घ्या' लिहून कोणाचा जीव वाचत नाही, पायथ्यापासून ३.८ किमीवर डावीकडे जाणारी ठळक वाट ढोरवाट आहे आणि ती कड्यावर संपते असं लिहिलं तर वाचतो. शेवटचं पाणी कुठे, फोनची रेंज कुठे जाते, आणि किती वाजेपर्यंत माथा गाठला नाही तर मागे फिरायचं, हे हवंच. जागा कोऑर्डिनेट्सने देत असाल तर फॉरमॅट एकच ठेवा: ३० अंश ५० मिनिटं अक्षांश कोणी ३०.५० असा टाइप केला तर बिंदू सुमारे ३७ किमी सरकतो, आणि शोधपथक तिकडेच जाईल.

परवानगीत तीन गोष्टी सरमिसळ होतात: प्रवेशाची परवानगी, कमाईसाठी शूटिंगची परवानगी आणि ड्रोनची परवानगी. अनेक ठिकाणी या वेगवेगळ्या असतात आणि पहिली मिळाली म्हणजे बाकीच्या मिळाल्या असं नाही. व्हिडिओत ड्रोनचा शॉट असेल तर तो कुठल्या परवानगीवर घेतला ते लिहायलाच हवं, नाहीतर बघणारा तिथे उडवायला मोकळीक आहे असं धरून जातो. फी आणि कोटा बदलत राहतात, म्हणून रकमेपेक्षा देणारं ऑफिस कुठलं आणि माहिती कधी तपासली हे जास्त टिकतं. वरच्या ट्रेकची नोंद साधारण अशी होईल:

```
अंतर: १२.२ किमी, जाऊन-येऊन
एकूण चढाई: ८२० मी
वेळ: चालणं ५ ता २० मि, पूर्ण दिवस ८ ता
ग्रेड: टी३ (कोरडा खडक), १५ मी साखळी
मागे फिरायची वेळ: दुपारी १
शूटिंग: (तारीख)
परवानगी तपासली: (तारीख)
```

शेवटच्या दोन तारखा सुरुवातीला जवळजवळच्याच असतात. पुढे परवानगीची तारीख नव्याने तपासून बदलत राहायची, शूटिंगची मात्र आहे तीच ठेवायची.