तिसऱ्यांदा उघडलं आणि झाकण हातात आलं

स्क्रू ठेवायला थ्रीडी प्रिंटरवर एक छोटी डबी प्रिंट केली होती. झाकण आणि खालचा भाग एकत्रच, मध्ये प्लास्टिकचीच पातळ पट्टी, म्हणजे पिन नाही, वेगळी बिजागरी नाही, ती पट्टीच वाकते आणि झाकण बंद होतं. याला लिव्हिंग हिंज म्हणतात, शॅम्पूच्या बाटलीच्या टोपणाला असते तीच. माझी डबी दोनदा मस्त उघडली, तिसऱ्यांदा टक असा बारीक आवाज आला आणि झाकण वेगळं झालं. फिलामेंट पीएलए होतं आणि पट्टी ०.८ मिमी जाड, कारण मला वाटलं जाड केली की टिकेल. इथेच सगळं चुकलं होतं.

पट्टी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरची बाजू किती ताणली जाणार ते फक्त दोन गोष्टींवर ठरतं, पट्टी किती जाड आणि ते वळण किती अंतरात घ्यायचं. ९० अंशाच्या वळणासाठी हिशोब असा, की जाडीला ०.७८५ ने गुणायचं आणि पट्टीच्या रुंदीने भागायचं (रुंदी म्हणजे दोन जाड भागांमधलं मोकळं अंतर). ०.८ जाड आणि ५ मिमी रुंद पट्टी असेल तर साडेबारा टक्के ताण येतो. पीएलए साधारण ५-६ टक्क्यांच्या आसपासच तुटतं, मग दोनदा तरी कशी टिकली हाच खरा प्रश्न! जाडी ०.४ केली की तोच ताण ६.३ टक्क्यांवर येतो. म्हणजे पट्टी टिकवायची तर ती पातळ करायची आणि रुंद करायची, मनाला पटत नाही पण तसंच आहे.

आता डबीचं गणित, कारण इथे बरेच जण अडकतात. खालचा भाग १५ मिमी उंच आणि झाकण १० मिमी उंच धरू. दोन्ही बेडवर शेजारी शेजारी, तोंड वर करून प्रिंट होणार आणि पट्टी अगदी तळाला, पहिल्या लेयरपासून. बंद केल्यावर दोन्ही तळांमध्ये २५ मिमी उंची येते, म्हणजे मध्ये एकच वळण देऊन भागत नाही, वहीच्या जाड पाठीसारखी एक कडक पाठ लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी. फायदा असा की १८० अंश एकाच जागी न वाकता ९० आणि ९० असे वाटले जातात.

प्रत्येक पट्टी ५ मिमी रुंद घेतली तर ९० अंशात तिचा कमानीसारखा पाव गोल होतो, त्याची त्रिज्या साधारण ३.२ मिमी. म्हणजे उंचीतले वर ३.२ आणि खाली ३.२ पट्ट्याच खातात आणि कडक पाठ २५ वजा ६.४, म्हणजे १८.६ मिमीच ठेवायची. मी आधी पाठ पूर्ण २५ ची केली होती आणि त्याशिवाय दोन पट्ट्या, त्यामुळे झाकण सहा मिमी ढिलं, नुसतं हलत होतं. पाठीची जाडीही त्या ३.२ च्या आतच हवी, नाहीतर ती डबीच्या मागच्या भिंतीला टेकते, वळण पूर्ण होत नाही आणि जोर लावला की पट्टी ओढली जाते. मी २ मिमी ठेवतो.

जाडी ठरवताना स्लायसरचंही बघायला लागतं. ०.२ च्या लेयरला ०.४ म्हणजे बरोबर दोन लेयर. पण मॉडेलमध्ये ०.५ काढली तर स्लायसर ती ०.४ करेल किंवा ०.६, आणि हा फरक छोटा नाही, वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे ०.४ ची ०.६ झाली की पट्टी तीन पटींहून जास्त कडक. म्हणून जाडी लेयरच्या पटीतच काढायची आणि प्रिव्ह्यूमध्ये लेयर मोजून घ्यायचे.

ओरिएंटेशनचं म्हणाल तर पट्टी उभी प्रिंट करू नका, विषय संपला. एक भाग खाली आणि दुसरा वर अशा उभ्या प्रिंटमध्ये लेयरचे जोड वळणाच्या रेषेलाच समांतर येतात आणि तेच सगळ्यात कमजोर, कागद जिथे दुमडून ठेवला तिथूनच फाटतो तसं. आडवी ठेवली तरी आतल्या रेघा कुठल्या दिशेला आहेत ते बघायचं, त्या वळण ओलांडून एका भागातून दुसऱ्या भागात गेल्या पाहिजेत. क्युरा स्लायसरमध्ये `Top/Bottom Line Directions` मध्ये काही दिलं नाही तर रेघा एका लेयरला ४५ आणि दुसऱ्याला १३५ अंशात जातात. तिथे `[90]` टाकायचं, प्रिव्ह्यूत रेघा वळणाच्या समांतर दिसल्या तर `[0]`. अजून एक जुगाड आहे, सेटिंगला हात न लावता. पट्टीत बारीक चिरा पाडून तिच्या २.४ मिमीच्या फिती करायच्या आणि वॉल ३ ठेवायच्या. ०.४ च्या नोझलला दोन्ही बाजूच्या तीन तीन रेघांनी फीत भरून जाते आणि त्या सगळ्या आपोआप वळण ओलांडतात. फक्त चिरेची टोकं जाड भागाच्या कडेपर्यंत न्यायची, पट्टीत मध्येच संपवली तर तिथूनच फाटायला सुरुवात होते.

फिलामेंटमध्ये या कामाचा राजा पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी. शॅम्पूचं टोपण त्याचंच असतं, आणि तुटायच्या आधी ते मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणलं जातं. पण प्रिंट करायला डोक्याला ताप! पीपी जवळपास पीपीलाच चिकटतं, त्यामुळे बेडवर पॅकिंगची पारदर्शक टेप लावायची (ती बहुतेक वेळा पीपीचीच असते), मोठा ब्रिम द्यायचा आणि तरी कोपरे उचलले जातातच. नायलॉनही चांगलं टिकतं, पण हवेतलं पाणी पितं, प्रिंटच्या आधी काही तास ड्रायरमध्ये ठेवायलाच लागतं. टीपीयू वाकण्यात हरत नाही, फक्त अख्खी डबीच लिबलिबीत होते. रोज उघडायची नसेल तर पीईटीजी हा मधला मार्ग, मी बहुतेक तेच वापरतो. पीएलए मात्र नाही, ०.४ ला सुद्धा नाही, कारण ते नुसतं वाकवून ठेवलं तरी तुटतं. प्रिंटरच्या नळीत वाकून राहिलेला तुकडा सकाळी आपोआप मोडलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे माहीत आहे, आणि डबी तर बहुतेक वेळ बंदच असते.

पूर्ण डबी छापण्याआधी दोन छोटे चौकोन आणि मध्ये पट्टी एवढाच नमुना काढा, काही मिनिटांचं काम आहे. बेडवरून काढल्या काढल्या कोमट असतानाच पहिल्यांदा सावकाश पूर्ण वाकवा, मग शंभर वेळा उघडबंद करा आणि उजेडाकडे धरून बघा. पूर्ण पट्टीभर हलका पांढरेपणा आला तर वळण नीट पसरतंय. पण जाड भागाच्या अगदी कडेला एकच बारीक पांढरी रेघ दिसली तर सगळं वळण तिथेच गोळा होतंय आणि पट्टी तिथूनच जाणार. मग त्या आतल्या कोपऱ्यात एखाद मिमीचा उतार द्यायचा, म्हणजे जाडी एकदम पायरीसारखी न बदलता हळूहळू बदलते, आणि पट्टी तेवढी रुंद करून नमुना परत काढायचा.