विचार करायला एकदा शिकलं की झालं?

फॉरवर्ड असा: “मुलांना विषय नको, विचार करायला शिकवा. ते एकदा जमलं की कुठलाही विषय जमतो.”

यावर १९६६ पासून वापरात असलेलं एक कोडं घरीच करून पाहता येतं. चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: स्वरामागे सम अंकच हवा. नियम मोडलाय का, हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बरेच जण अ आणि ४ म्हणतात. उत्तर आहे अ आणि ७. चारमागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. सातामागे स्वर निघाला तर मोडतो.

आता पत्ते बदला: दारू, सरबत, वय २५, वय १६. नियम: दारू पिणारा किमान १८ वर्षांचा हवा. बहुतेक जण दारू आणि १६ बरोबर निवडतात. तर्क तोच, पण इथला नियम कुठे मोडू शकतो हे आधीच ठाऊक असतं. (ओळखीच्यांना द्याल तेव्हा अक्षरांचं कोडं आधी द्या.)

‘नियम मोडणारं उदाहरण शोधा’ ही सवय शिकवता येते, तिचा उपयोगही होतो. पण रसायनशास्त्रात ते उदाहरण कुठे सापडेल, हे रसायनशास्त्र शिकूनच कळतं.