पार्किन्सनमधील नैराश्य: मानसोपचाराकडे कोणाला आणि कोणत्या कागदांसह पाठवावे

पात्रता
सलग दोन आठवडे उदास असलेला किंवा कशातच रस न उरलेला रुग्ण पाठवावा. निर्विकार चेहरा, मंद हालचाल, तुटक झोप आणि थकवा हे पार्किन्सनमध्येही असतात, त्यामुळे केवळ त्यांवरून नैराश्य ठरवू नये. अपराधी वाटणे, हताशा, जगण्याचा कंटाळा यांबद्दल थेट विचारावे. दुःख नाही, फक्त उत्साह नाही, असे असेल तर ती बहुधा उदासीनता असते आणि ती नैराश्यावरच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. आत्महत्येचे विचार असतील तर कागद गोळा करत बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

सोबतचे कागद
१५ प्रश्नांच्या जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केलचे गुण (५ किंवा अधिक असल्यास सविस्तर तपासणी), थायरॉइड व बी-१२चे अहवाल आणि बसून-उभे राहून घेतलेला रक्तदाब. चालू औषधांच्या यादीत रासाजिलीन, सेलेजिलीन किंवा साफिनामाइड असेल तर ते ठळक लिहावे.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे तीन दिवसांचा तक्ता: लेवोडोपा किती वाजता घेतली, हालचाल कशी होती, मन कसे होते. तो नेमका बहुतेक वेळा नसतो.

प्रक्रिया
एक नमुना प्रकरण घेऊ. ६४ वर्षांचे गृहस्थ, लेवोडोपा सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ वाजता, शिवाय रासाजिलीन १ मिग्रॅ. स्केलवर १० गुण. तक्त्यात रोज १२च्या सुमारास ‘पाय जड, छातीत धडधड, नको वाटतं’ आणि २ वाजता ‘बरं आहे’. हा डोसचा असर ओसरल्याचा ‘ऑफ’ काळ. तेव्हा पहिले काम न्यूरॉलॉजिस्टचे. त्यांनी डोस ७, ११, ३, ७ असे चार केले. तीन आठवड्यांनी दुपारची घसरण गेली, पण सकाळपासूनची खिन्नता राहिली. गुण ७.

आता औषधाची पाळी. रासाजिलीनसोबत सर्ट्रालीन अनेक जण घेतात, तरी सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका असतो, म्हणून निर्णय न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनी मिळून घ्यावा. इथे रासाजिलीनचा फायदा जेमतेम होता. ती बंद करून १४ दिवस थांबले, मग सर्ट्रालीन २५ मिग्रॅ आणि आठवड्याने ५०. सोबत संज्ञानात्मक वर्तन उपचार. नॉरट्रिप्टिलीन टाळली, कारण उभे राहताच त्यांचा रक्तदाब २० अंकांनी उतरत होता.

दोन्ही औषधे एकत्र चालू ठेवलीच, तर नवी थरथर दिसल्यावर ती पार्किन्सनची समजून सोडून देऊ नका. घोटा झटकन वर दाबून क्लोनस पाहा, ताप, जुलाब आणि अस्वस्थता विचारा.

पुनर्तपासणी ४ ते ६ आठवड्यांनी, तोच तक्ता पुन्हा भरून. डोस बदलणाऱ्याने दुसऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. मळमळीसाठी कोणी मेटोक्लोप्रामाइड सुरू केले नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.